मागच्या बाकावरून पाहिलेला तास

बी.एड.चं पहिलं वर्ष सुरू झालं की काही दिवसांतच छात्राध्यापकांना शाळेत पाठवलं जातं, पण शिकवायला नाही. वर्गाच्या मागच्या बाकावर बसायचं, शाळेतल्या अनुभवी शिक्षकाचा तास पाहायचा आणि घरी गेल्यावर त्यावर चिंतन-नोंद लिहायची, एवढंच काम असतं. महाविद्यालयात तिला कुठे ‘रिफ्लेक्टिव्ह जर्नल’ म्हणतात, कुठे ‘चिंतन दैनंदिनी’. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या 2014च्या नियमांनी बी.एड. दोन वर्षांचं केलं आणि त्यात शाळेतल्या कामासाठी किमान 20 आठवडे राखून ठेवले. त्यांतले 4 पहिल्या वर्षी आणि 16 दुसऱ्या वर्षी. पहिल्या निरीक्षणाची नोंद या सगळ्याच्या अगदी सुरुवातीला येते. ती लिहिणारा माणूस अजून शिक्षक झालेला नसतो आणि विद्यार्थी म्हणून बसायची सवय त्याच्या अंगातून गेलेली नसते.

अशा वह्या वाचणं हे माझ्या रोजच्या कामातलं एक काम आहे, आणि मला ते फार मोलाचं वाटतं. शिक्षक कसा घडतो हे पाहायचं असेल तर त्याच्या पहिल्या पाठापेक्षा त्याची ही पहिली नोंद वाचावी. आपल्या मुलांना शिकवणारी माणसं वर्गाकडे पाहायला कशी शिकतात, हे पालकांनाही ठाऊक असावं असं वाटतं, म्हणून हा लेख. यात घेतलेली नोंद कुणा एकीची नाही. वर्षानुवर्षं वाचलेल्या नोंदींवरून ती रचली आहे. पण तिच्यातला प्रत्येक तपशील आपल्याकडच्या कुठल्याही शाळेत घडू शकेल असा आहे.

सहावीचा वर्ग, गणिताचा तास. विषय भिन्नच्छेद अपूर्णांकांची बेरीज, म्हणजे ज्यांचे छेद वेगळे आहेत असे अपूर्णांक मिळवणं. छात्राध्यापिकेची पहिली नोंद साधारण अशी होती: ‘बाईंचे विषयज्ञान उत्तम होते. आवाज स्पष्ट होता. फलकलेखन सुवाच्य व मुद्देसूद होते. वर्गनियंत्रण चांगले होते. काही विद्यार्थ्यांचे लक्ष नव्हते. बाईंनी शैक्षणिक साहित्याचा वापर केला असता तर पाठ अधिक प्रभावी झाला असता. मला या पाठातून खूप काही शिकायला मिळाले.’

यातलं एकही वाक्य खोटं नाही. अडचण अशी आहे की हीच नोंद आठवीच्या इतिहासाच्या तासाला जशीच्या तशी जोडता येईल. मी छात्राध्यापकांना अशा वेळी एक साधी गोष्ट करायला सांगते. नोंदीतली सगळी विशेषणं पेन्सिलीनं खोडा आणि काय उरतं ते पाहा. उत्तम, स्पष्ट, सुवाच्य, मुद्देसूद, चांगले, प्रभावी हे शब्द गेले की वर्गात नेमकं काय घडलं ते सांगणारं काहीच उरत नाही. बाईंनी फळ्यावर काय लिहिलं? लक्ष नव्हतं ते कुणाचं, आणि लक्ष नाही हे कशावरून ठरवलं?

अशी नोंद आळसातून येत नाही. ती दोन ठिकाणांहून येते. एक म्हणजे पाठनिरीक्षणाचा छापील तक्ता. विषयप्रवेश, हेतुकथन, विषयविवेचन, प्रश्नकौशल्य, फलकलेखन, वर्गनियंत्रण, मूल्यमापन, गृहपाठ असे रकाने आणि प्रत्येकापुढे श्रेणी. सरावपाठाला गुण द्यायला हा तक्ता उपयोगी पडतो, कारण तिथे पाठ घेणाऱ्याला आपल्या त्रुटी कळायला हव्या असतात. पण पहिल्याच दिवशी तो हातात दिला की वर्गात पाऊल टाकतानाच मूल परीक्षकाच्या खुर्चीत बसतं. वीस वर्षं शिकवलेल्या बाईंना ते श्रेणी देऊ लागतं आणि पाहायचं राहून जातं.

दुसरं ठिकाण जास्त खोल आहे. डॅन लॉर्टी या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं 1975 साली ‘स्कूलटीचर’ नावाचं पुस्तक लिहिलं. त्यात त्यानं एक गोष्ट दाखवून दिली. बाकी कुठल्याही व्यवसायात शिकाऊ माणूस नवखा असतो, पण शिक्षक होऊ पाहणारा नवखा नसतो. शाळा संपेपर्यंत त्यानं सुमारे 13,000 तास शिक्षकांना जवळून काम करताना पाहिलेलं असतं. शस्त्रक्रिया पाहत कुणी लहानाचं मोठं होत नाही, पण तास पाहत मात्र सगळेच मोठे होतात. इतक्या तासांत त्यानं शिक्षकाची समोरची बाजू तेवढी पाहिलेली असते. त्याला कोण आवडतं, कोण ओरडतं, कुणाचं समजतं एवढंच दिसलेलं असतं. त्या क्षणी शिक्षकानं कुठला प्रश्न गिळून टाकला, कुणाकडे मुद्दाम पाहिलं नाही, ठरवलेलं उदाहरण का बदललं, हे त्याला बाकावरून कधीच दिसलेलं नसतं. म्हणून पहिलं निरीक्षण अवघड असतं. ओळखीच्या जागी बसून अनोळखी गोष्ट पाहायची असते आणि ओळखीमुळे सगळं समजल्यासारखं वाटत राहतं.

यावर आम्ही वापरतो तो उपाय अगदी घरगुती आहे. वहीचं डावं पान आणि उजवं पान वेगळं ठेवायचं. डाव्या पानावर फक्त दिसलं-ऐकलं ते, शक्य तिथे घड्याळाच्या वेळेसह. कोण बोललं, काय शब्द वापरले, फळ्यावर काय होतं, कोण कुठे बसलं होतं. उजवं पान वर्गात कोरंच ठेवायचं, फार तर एखादा शब्द टिपायचा. घरी गेल्यावर त्याच दिवशी, झोपायच्या आत, डाव्या पानासमोर उजवं पान भरायचं: मला काय वाटलं, मी काय अर्थ लावला, कशावरून लावला. दुसऱ्या दिवसावर ढकललं की शब्द निसटतात आणि त्यांच्या जागी आपला निष्कर्ष येऊन बसतो. ‘बाई म्हणाल्या, नीट बघ’ हे जाऊन ‘बाई चिडल्या’ एवढंच उरतं. हे दोन्ही सारखं नाही.

आणि जाताना एकच प्रश्न घेऊन जायचा. पस्तीस-चाळीस मिनिटांच्या तासात सगळं पाहायला गेलं की हाती काही लागत नाही. नेड फ्लँडर्सची आंतरक्रिया विश्लेषणाची पद्धत बी.एड.च्या अभ्यासक्रमात शिकवतात. तीत दर तीन सेकंदांनी एक आकडा लिहायचा असतो. दहा वर्गांपैकी सात शिक्षकाच्या बोलण्याचे, दोन विद्यार्थ्यांच्या बोलण्याचे आणि एक शांततेचा किंवा गोंधळाचा. वर्गात कोण किती बोलतं ते तिनं छान कळतं, पण नवख्या माणसाची सगळी शक्ती आकडे लिहिण्यात जाते. पहिल्या वेळी एवढंच पुरतं: मूल चुकीचं उत्तर देतं तेव्हा पुढच्या मिनिटभरात काय काय होतं?

आमच्या छात्राध्यापिकेनं दुसऱ्या आठवड्यात त्याच वर्गात, त्याच घटकाचा पुढचा तास पाहिला, हा प्रश्न घेऊन. या वेळचं तिचं डावं पान असं होतं. (तिच्या भाषेत थोडा फेर केला आहे. मुलाचं नाव तिनंही लिहिलं नव्हतं. मुलांची आणि शाळेची नावं नोंदीत येऊ नयेत हा आमचा कडक नियम आहे, कारण वही अनेक हातांत जाते.)

‘11.12. बाईंनी फळ्यावर 1/2 + 1/3 लिहिलं. “किती?” सात-आठ हात वर. “बाई मी, बाई मी.” बाईंनी खिडकीकडच्या तिसऱ्या बाकावरच्या मुलाला उठवलं. त्याचा हात वर नव्हता. मुलगा: “दोन छेद पाच.” दोघंजण हसले. बाई: “नीट बघ.” लगेच पहिल्या बाकावरच्या मुलीकडे पाहिलं. मुलगी: “पाच छेद सहा.” बाई: “शाब्बास.” फळ्यावर 3/6 + 2/6 = 5/6 लिहिलं. मुलगा बसला. त्यानं खोडरबरानं काहीतरी पुसलं आणि फळ्यावरचं उतरवून घेतलं. माझ्या शेजारच्या बाकावर दोन मुलींच्या वहीत 2/5 होतं. त्यांनीही पुसलं. 11.14.’

दोन मिनिटंसुद्धा नाहीत. पण एक अख्खी नोंद लिहिता येईल एवढं त्यात आहे. शैक्षणिक साहित्य, आवाज, हस्ताक्षर यांतलं काही तिनं लिहिलेलं नाही, आणि तरी वर्ग डोळ्यांपुढे उभा राहतो.

आता उजवं पान. तिथे तिनं पहिल्यांदा लिहिलं: ‘बाईंनी त्या मुलाला समजून घेतलं नाही. त्याला खूप वाईट वाटलं असेल.’ मग तिनं स्वतःला विचारलं, हे मला कशावरून वाटलं? आणि पुढे लिहिलं की गणिताच्या तासाला उभं केलं की तिच्या पोटात गोळा यायचा, तो मुलगा उठला तेव्हाही आला. हे वाक्य नोंदीला फार उपयोगी पडलं. ग्रॅहॅम गिब्ज यांनी 1988 साली चिंतनाचं जे चक्र मांडलं, त्यात वर्णनानंतर लगेच भावनांची पायरी आहे, मग मूल्यमापन, विश्लेषण, निष्कर्ष आणि पुढची कृती. पुष्कळ जण भावनांच्या पायरीवर ‘मला आनंद झाला’, ‘मी भारावून गेले’ असं लिहून मोकळे होतात. ती पायरी मन मोकळं करण्यासाठी तिथे ठेवलेली नाही. आपण काय पाहिलं आणि काय पाहिलं नाही हे पुष्कळदा आपल्या आत चाललेल्या गोष्टीवर ठरतं, ते उघड्यावर यावं म्हणून ती आहे. मुलाबद्दल कणव दाटून आल्यामुळे या मुलीनं बाईंच्या ‘नीट बघ’चा अर्थ ऐकताक्षणीच कठोर असा लावला होता. लिहिताना तिला ते दिसलं आणि तिनं तो शेरा कंसात टाकून पुढे प्रश्नचिन्ह केलं.

गिब्जच्या सहा पायऱ्यांबद्दल एक सांगायला हवं. त्या उपयोगी आहेत, पण त्यांचे सहा मथळे करून प्रत्येकाखाली चार ओळी लिहिल्या की पुन्हा छापील तक्ताच तयार होतो. चांगल्या नोंदीत एखादी पायरी अर्धं पान घेते आणि एखादी एका ओळीत संपते.

नोंदीचा सगळ्यात समृद्ध भाग इथून सुरू होतो. मुलाचं उत्तर दोन छेद पाच. ते चूक आहे, यात वाद नाही. पण ते कुठून आलं? छात्राध्यापिकेनं आधी लिहिलं, ‘त्यानं अंशात अंश आणि छेदात छेद मिळवला, कारण त्याचं लक्ष नव्हतं.’ आमच्या चर्चेच्या तासाला मी तिला एवढंच विचारलं की लक्ष नसलेल्या तीन मुलांना एकच उत्तर कसं येईल? लक्ष नसेल तर उत्तरं वेगवेगळी चुकतात. खिडकीजवळचा मुलगा आणि मागच्या बाकावरच्या दोन मुली एकमेकांपासून लांब बसल्या होत्या आणि तिघांच्या वहीत 2/5 होतं. म्हणजे या उत्तराच्या मागे एक नियम आहे, आणि तो त्यांच्या दृष्टीनं बरोबर आहे.

मग ती शोधायला लागली. एक शक्यता सरळ आहे. पाच वर्षं मुलं पूर्ण संख्यांची बेरीज करत आली आहेत. अपूर्णांकात त्यांना दोन मजल्यांवर दोन वेगळ्या संख्या दिसतात, म्हणून ती वरच्या वर मिळवतात आणि खालच्या खाली. दुसरी शक्यता तिला तिच्याच वहीवरून सुचली, आणि ती फार सुंदर आहे. गृहपाठाच्या वहीत बाई गुण कसे देतात? 8/10. दुसऱ्या चाचणीत 7/15. दोन्ही मिळून किती? 15/25. इथे मुलं अंशात अंश आणि छेदात छेद मिळवतात आणि ते अगदी बरोबर असतं, कारण तिथे छेद म्हणजे ‘पैकी’ असतो. पंचवीसपैकी पंधरा. एका चाचणीत दोनपैकी एक आणि दुसरीत तीनपैकी एक मिळाला, तर एकूण पाचपैकी दोनच मिळाले. म्हणजे त्या मुलाचा नियम शाळेनंच रोज त्याच्यासमोर वापरलेला आहे. तो कुठे चालतो आणि कुठे चालत नाही, हे त्याला कुणी दाखवलेलं नाही. गुणांच्या बेरजेत एकूण गुण बदलतात. पण एकाच आकाराच्या भाकरीचा अर्धा भाग आणि तिचाच तिसरा भाग एकत्र केला, तर मोजायची भाकरी तीच राहते, म्हणून आधी दोन्ही वाटे सारख्या तुकड्यांत मोजावे लागतात. सहा तुकडे केले तर तीन आणि दोन मिळून पाच.

तिसरी शक्यता अशी की मुलाला काहीच आलं नसेल आणि समोर दिसतील ते आकडे त्यानं मिळवले असतील. या तिन्ही शक्यता तिनं नोंदीत लिहिल्या आणि खाली लिहिलं: ‘मागच्या बाकावरून यांतली कोणती खरी ते मला कळू शकत नाही. त्याला विचारल्याशिवाय कळणार नाही.’ मला विचाराल तर चिंतन-नोंद इथे खरी होते. जॉन ड्यूई यांना मराठी वाचक बाबासाहेब आंबेडकरांचे कोलंबिया विद्यापीठातले गुरू म्हणून ओळखतात. 1910 साली निघालेल्या ‘हाऊ वी थिंक’ या पुस्तकात त्यांनी विचाराची सुरुवात अडखळण्यात आणि शंकेत असते असं मांडलं, आणि सुचलेलं पहिलं उत्तर लगेच न स्वीकारता ते तपासेपर्यंत थांबायला हवं यावर भर दिला. ‘लक्ष नव्हतं’ हे पहिलं उत्तर होतं. ते स्वीकारलं असतं तर नोंद तिथेच संपली असती, आणि पुढे तिच्या स्वतःच्या वर्गात असं उत्तर आलं असतं तेव्हा तिनंही ‘लक्ष दे’ म्हटलं असतं.

डाव्या पानावरची दुसरी गोष्ट म्हणजे ‘लगेच’. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेनं विज्ञानाच्या तासांच्या ध्वनिफिती ऐकून 1970च्या दशकात दाखवलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात. ही वेळ तीन सेकंदांपर्यंत नेली तर उत्तरं लांबतात, एरवी न बोलणारी मुलं बोलू लागतात आणि ‘माहीत नाही’ असं म्हणणारी कमी होतात. छात्राध्यापिकेनं हे वाचलं होतं आणि नोंदीत घातलं. पण तिनं ते शोभेसाठी घातलं नाही. पुष्कळ नोंदींत अशी नावं फुलदाणीसारखी मांडलेली असतात. तिनं आपल्या डाव्या पानाशी ताडून पाहिलं. बाई ‘किती?’ म्हणाल्यावर कुणाला उठवायचं ते ठरवेपर्यंत तीन-चार सेकंद गेले होते, म्हणजे तिथे थांबणं होतं. चुकीच्या उत्तरानंतर मात्र क्षणभरही नव्हतं. रो यांनी या दुसऱ्या थांब्याचाही, म्हणजे मुलाच्या उत्तरानंतरच्या शांततेचाही अभ्यास केला होता. पुस्तकातलं वाक्य आणि वर्गातली घटना अशी एकमेकांना घासली की दोन्ही जास्त स्पष्ट दिसतात.

एवढं लिहून झाल्यावर ती बाईंना भेटायला गेली. ही पायरी वेळेअभावी पुष्कळदा गळते आणि त्यानं फार नुकसान होतं. भेटताना विचारायचं कसं, हेही शिकावं लागतं. ‘तुम्ही त्याला का समजावलं नाही?’ असं विचारलं की समोरचा माणूस बचावाला उभा राहतो. तिनं विचारलं, “बाई, दोन छेद पाच उत्तर आलं तेव्हा तुमच्या मनात काय चाललं होतं?”

बाई म्हणाल्या, “अगं, मला कळलं ना तो कुठे चुकला ते. दरवर्षी हे उत्तर येतं. पण मागच्या पंधरवड्यात मी त्याला फळ्याशी बोलावलं होतं आणि तो रडायला लागला. आता त्याला जास्त वेळ उभं ठेवलं की पोरं हसतात. म्हणून पटकन पुढे गेले. दुपारी सरावाच्या तासाला मी त्याच्या बाकावर जाऊन बसते, तेव्हा बघते त्याचं.”

या चार वाक्यांनी नोंद उलटी झाली. जी गोष्ट दुर्लक्ष वाटली होती ती जपणं होती. बाकावरून हे दिसणं शक्यच नव्हतं, कारण त्यामागचं कारण आधीच्या पंधरवड्यात होतं आणि पुढचा भाग दुपारच्या तासात. एका तासाच्या निरीक्षणाची ही मर्यादा आहे. शिक्षकाचा निर्णय अनेक दिवसांवर पसरलेला असतो आणि निरीक्षकाला त्यातला एक तुकडा दिसतो. म्हणून नोंदीत ‘बाईंनी असं करायला हवं होतं’ हे वाक्य आलं की मी तिथे पेन ठेवते.

पण नोंद इथेही थांबू नये. पुष्कळ छात्राध्यापक या टप्प्यावर दुसऱ्या टोकाला जातात. ‘बाईंचंच बरोबर होतं, अनुभवी शिक्षकाला सगळं कळतं’ असं लिहून वही मिटतात. आमच्या छात्राध्यापिकेनं तसं केलं नाही. तिनं डावं पान पुन्हा वाचलं. बाईंनी त्या मुलाला जपलं हे खरं. पण 2/5 हे त्या एकट्याचं उत्तर नव्हतं. मागच्या दोन मुलींनीही ते पुसलं होतं आणि दुपारी बाई त्यांच्याजवळ जाणार नव्हत्या, कारण त्यांचं उत्तर बाईंना ऐकूच आलं नव्हतं. त्या मुलींच्या वहीत आता 5/6 होतं, बरोबर होतं, आणि ते तपासून कुणालाही काही कळणार नव्हतं. बाईंना कळत नव्हतं असा याचा अर्थ नाही. बाई समोर उभ्या असतात आणि ती खोडरबरं मागच्या बाकावर चालतात. म्हणजे बाईंना जे दिसत होतं ते निरीक्षकाला दिसत नव्हतं, आणि निरीक्षकाला दिसलं ते बाईंना दिसत नव्हतं. तिनं दोन्ही गोष्टी एकाच परिच्छेदात लिहिल्या आणि एकीनं दुसरीला खोडलं नाही.

सिडनी विद्यापीठातल्या नेव्हिल हॅटन आणि डेव्हिड स्मिथ यांनी 1995 साली छात्राध्यापकांच्या अशा लेखनाचे चार प्रकार केले. नुसतं वर्णन, कारणं देणारं वर्णन, स्वतःशी वाद घालत वेगवेगळ्या बाजू तपासणारं लेखन, आणि वर्गाबाहेरच्या परिस्थितीपर्यंत पोहोचणारं चिकित्सक लेखन. पहिल्या निरीक्षणात चौथा प्रकार क्वचितच येतो आणि तो ओढून आणूही नये. ओढून आणला की ‘आपली शिक्षणव्यवस्था सदोष आहे’ असलं एक वाक्य येतं आणि डाव्या पानाशी त्याचा काही संबंध नसतो. तिच्या नोंदीत तो एका ओळीत आला, आणि तोही तिच्याच पुराव्यातून: वर्गात मुलं इतकी होती की बाई एका सरावाच्या तासात दोन-तीन बाकांपेक्षा जास्त जाऊ शकत नव्हत्या. एवढं पुरे होतं.

गुणांबद्दलही बोलायला हवं, कारण ही वही तपासली जाते आणि तिला गुण असतात. गुण आहेत म्हटलं की मुलं तपासणाऱ्याला काय आवडेल ते लिहितात. ‘मी आता माझ्यात बदल घडवून आणेन’, ‘या अनुभवानं माझा दृष्टिकोन बदलला’ ही वाक्यं एका तुकडीच्या वह्यांतून इतकी सारखी येतात की ती अनुभवातून आलेली नाहीत हे उघड होतं. यात मुलांचा दोष मी धरत नाही. कबुलीला गुण मिळतात असं त्यांना वाटलं, तर ती कबुल्या लिहिणारच. म्हणून तपासणाऱ्यानं गुण कशाला द्यायचे हे आधी सांगावं. मी सांगते, डाव्या पानाच्या नेमकेपणाला गुण आहेत. एका घटनेचे किमान दोन अर्थ लावून पाहिले का, याला आहेत. पुढच्या वेळी काय पाहणार किंवा करून बघणार, हे दुसऱ्याला वाचून करता येईल इतकं स्पष्ट आहे का, याला आहेत. तुमच्या भावनांना गुण नाहीत, त्या कमीजास्त असोत. आणि शेरा म्हणून मी समासात शक्यतो एकच प्रश्न लिहिते. ‘छान’ असा शेरा मिळालेली नोंद कुणी पुन्हा उघडत नाही.

तिच्या नोंदीच्या समासात मी लिहिलं होतं: ‘उत्तर वर्गासमोर यावं पण मूल येऊ नये, असं काही करता येईल का?’

यावर तिनं पुढच्या कृतीचा भाग नव्यानं लिहिला. आधी तिथे ‘मी विद्यार्थ्यांच्या चुकांकडे लक्ष देईन’ असं होतं. आता तिनं आपल्या पहिल्या सरावपाठाच्या टाचणात उदाहरणाच्या शेजारी 2/5 हे चुकीचं उत्तर आधीच लिहून ठेवलं. ते कुणी दिलं तर त्या मुलाला उभं ठेवायचं नाही. फळ्यावर स्वतः 2/5 लिहायचं आणि सगळ्या वर्गाला विचारायचं, “काही जणांचं उत्तर दोन छेद पाच येतं. हे अर्ध्यापेक्षा मोठं आहे की लहान?” पाचाचा निम्मा अडीच, म्हणजे दोन छेद पाच अर्ध्याहून लहान. आपण तर अर्ध्यात आणखी काही मिळवलं होतं. मग मिळवून कमी कसं झालं? प्रश्न विचारल्यावर मनातल्या मनात तीनपर्यंत मोजायचं, आणि पहिलं उत्तर आल्यावर पुन्हा तीनपर्यंत. त्यानंतर 8/10 आणि 7/15 या चाचणीच्या गुणांचं उदाहरण घ्यायचं आणि तिथे हीच रीत का चालते ते मुलांकडूनच काढून घ्यायचं.

टाचणाच्या खाली तिनं आणखी एक ओळ लिहिली होती. तिच्या पाठाच्या वेळी मागच्या बाकावर बसणाऱ्या मैत्रिणीला तिनं तक्ता भरू नकोस असं सांगितलं होतं. मैत्रिणीनं फक्त खोडरबरं पाहायची होती: कुणी, कधी आणि काय पुसलं.